अरबीत वेळ, तारीख आणि चांद्रमहिने: ‘अव्वल’ कुठे आणि ‘ऊला’ कुठे

आखातात नोकरीला लागून तीन महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. दवाखान्यातून अरबीत निरोप आला. त्यातला ‘आशिरा’ म्हणजे दहावी हे मला कळलं. पुढे ‘थुल्थ’ होतं, म्हणजे तिसरा हिस्सा, तासाचा तिसरा हिस्सा वीस मिनिटं. मी मोठ्या ऐटीत दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. खिडकीतल्या बाईंनी घड्याळाकडे बोट केलं आणि माझी वेळ नऊ चाळीसची होती असं सांगितलं. ‘आशिरा’ आणि ‘थुल्थ’ यांच्या मधला ‘इल्ला’ हा छोटा शब्द मी गिळला होता. ‘इल्ला’ म्हणजे वगळून, कमी. आपण पावणेदहा म्हणताना दहातून पाव कमी करतो, तसं अरबीने दहातून वीस मिनिटं कमी केली होती.

शाळेतलं अरबी शिकलेल्या माणसाचे हात वेळ-तारखेत का अडतात, तर इथे संख्येचे दोन स्वभाव एकाच वाक्यात भेटतात. ‘पाचवा-पाचवी’ हे क्रमवाचक शब्द नामाच्या लिंगाप्रमाणे सरळ चालतात. ‘पाच’ हा संख्यावाचक शब्द मात्र तीन ते दहापर्यंत उलटा चालतो. हा एक गुंता सुटला की बाकीचं पाठांतर आहे. तोच धरून पुढे जातो.

उच्चाराबद्दल आधी थोडं. खाली मी ‘थ’ लिहितो तो जीभ दातांमध्ये धरून काढायचा आवाज आहे. आपल्याकडे तो ‘स’ होतो, म्हणून अरबी ‘थानी’ मराठीत ‘सानी’ म्हणून आला. घशातून येणारा ‘ऐन’ मी ‘अ’नेच दाखवलाय. रमजानमधला ‘ज’ अरब लोक जड ‘द’सारखा काढतात, म्हणून ‘रमदान’. आणि ‘अल्’ हे निश्चितपणा दाखवणारं उपपद पुढच्या काही अक्षरांत मिसळून जातं: अल् आणि थालिथा मिळून ‘अथ्-थालिथा’.

पहिली पायरी: साचा ओळखा

क्रमवाचक शब्द एका साच्यातून निघतात. मुळातली तीन व्यंजनं घ्या, पहिल्याला ‘आ’ लावा आणि दुसऱ्याला ‘इ’. ख-म-स पासून खामिस, थ-ल-थ पासून थालिथ. स्त्रीलिंग हवं तर शेवटी ‘आ’ जोडा: खामिसा, थालिथा.

| क्रम | पुल्लिंग | स्त्रीलिंग |
|---|---|---|
| पहिला | अव्वल | ऊला |
| दुसरा | थानी | थानिया |
| तिसरा | थालिथ | थालिथा |
| चौथा | राबिअ | राबिआ |
| पाचवा | खामिस | खामिसा |
| सहावा | सादिस | सादिसा |
| सातवा | साबिअ | साबिआ |
| आठवा | थामिन | थामिना |
| नववा | तासिअ | तासिआ |
| दहावा | आशिर | आशिरा |

यातले काही शब्द आपल्या घरातलेच आहेत. तहसील कचेरीतला अव्वल कारकून रोज भेटतो. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा ‘सानी’ म्हणवला जातो. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांनी ‘आसफजाह साबे’ हे नाव ऐकलेलं असतं, तो सातवा निजाम. ‘साबे’ म्हणजे वर दिलेला साबिअ.

साच्याला दोन अपवाद आहेत. ‘अव्वल’चं स्त्रीलिंग ‘अव्वला’ होत नाही, ‘ऊला’ होतं. हे मनात पक्कं ठेवा, महिन्यांच्या नावांत त्याचं काम पडणार आहे. आणि सहा म्हणजे ‘सित्ता’ असूनही सहावा ‘सातित’ होत नाही, ‘सादिस’ होतो, कारण मूळ धातू स-द-स आहे. ‘सित्ता’ हीच त्याची झिजलेली आवृत्ती.

दुसरी पायरी: घड्याळ

‘साआ’ म्हणजे तास, घड्याळही आणि ‘वाजले’मधली वेळही. हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून वाजलेली वेळ सांगताना क्रमवाचक शब्द कायम स्त्रीलिंगी येतो. अरब माणूस ‘तीन वाजले’ म्हणत नाही, ‘तिसरी साआ’ म्हणतो: अस्-साआ अथ्-थालिथा. दोघांनाही ‘अल्’ लागलाय हे पाहा; विशेषण नामाशी लिंगातही जुळतं आणि निश्चितपणातही.

दोनपासून दहापर्यंत तक्त्यातला स्त्रीलिंगी रकाना जसाच्या तसा वापरायचा. कडेचे तीन तास वेगळे. एक वाजला की ‘अल्-ऊला’ न म्हणता ‘अल्-वाहिदा’ म्हणतात, म्हणजे ‘एक’चंच स्त्रीलिंग. अकरा वाजता ‘अल्-हादिया अश्रा’, बारा वाजता ‘अथ्-थानिया अश्रा’. अकरामध्ये ‘वाहिदा’ नाही आणि ‘ऊला’ही नाही, तिथे ‘हादिया’ हा तिसराच शब्द येतो. माझ्या वर्गातले सगळे इथे एकदा तरी घसरले.

मिनिटांसाठी अरबीकडे तीन सोयीचे तुकडे आहेत: निस्फ म्हणजे अर्धा, रुब्अ म्हणजे पाव आणि थुल्थ म्हणजे एक तृतीयांश. मिळवायचे असतील तर ‘व’ म्हणजे ‘आणि’ लावून त्यांना ‘अल्’ देतात. साडेतीन म्हणजे अस्-साआ अथ्-थालिथा वन्-निस्फ, सव्वातीन म्हणजे अथ्-थालिथा वर्-रुब्अ, तीन वीस म्हणजे अथ्-थालिथा वथ्-थुल्थ. वजा करायचे असतील तर ‘इल्ला’ येतो आणि तुकडा ‘अल्’शिवाय ‘अन्’ अंत घेतो: पावणेचार म्हणजे अर्-राबिआ इल्ला रुब्अन्, तीन चाळीस म्हणजे अर्-राबिआ इल्ला थुल्थन्.

मराठी माणसाला इथे आयता फायदा आहे. ‘पावणेचार’ म्हणताना आपण येणाऱ्या तासाचं नाव घेतो, अरबीही तेच करते. फक्त वीस मिनिटांसाठी आपल्याकडे पाव-अर्ध्यासारखा वेगळा शब्द नाही, त्यामुळे थुल्थ ऐकलं की डोकं क्षणभर थांबतं. मी स्वतःला एक सवय लावली: आधी कानाने ‘व’ की ‘इल्ला’ एवढंच पकडायचं, तुकडा कोणता ते नंतर. ‘इल्ला’ असेल तर ऐकलेला तास अजून वाजलेला नाही.

तीन पंचवीस आणि तीन पस्तीस ही दोन मिनिटं अरबी अर्ध्याच्या भोवती फिरवते. तीन पंचवीस म्हणजे अथ्-थालिथा वन्-निस्फ इल्ला खम्स दकाइक, म्हणजे साडेतीनला पाच कमी. तीन पस्तीस म्हणजे अथ्-थालिथा वन्-निस्फ व खम्स दकाइक, साडेतीन आणि वर पाच. पहिल्यांदा ऐकताना अवघड वाटतं, पण हातावरच्या घड्याळाचा काटा सहावर टेकलेला डोळ्यासमोर आणला की लगेच बसतं.

आता तो गुंता. वरच्या वाक्यात ‘खम्स’ आहे, ‘खम्सा’ नाही. दकीका म्हणजे मिनिट, ते स्त्रीलिंगी, त्याचं अनेकवचन दकाइक. तीन ते दहा या संख्या नामाच्या उलट्या लिंगात येतात: नाम स्त्रीलिंगी तर संख्येचा शेवटचा ‘आ’ गळतो. म्हणून पाच मिनिटं ‘खम्स दकाइक’, पण पाच दिवस ‘खम्सत अय्याम’, कारण यौम म्हणजे दिवस पुल्लिंगी आहे. आता पाच वाजून पाच मिनिटं म्हणून पाहा: अस्-साआ अल्-खामिसा व खम्स दकाइक. एकाच वाक्यात दोन पाच आहेत. पहिला क्रमवाचक, म्हणून स्त्रीलिंगी साआबरोबर ‘आ’ घेऊन आला. दुसरा संख्यावाचक, म्हणून स्त्रीलिंगी दकीकासमोर ‘आ’ टाकून आला. हे एक वाक्य शंभरदा म्हणून तोंडात बसवा, दोन्ही नियम त्यात आहेत. अकरापासून पुढे मात्र मोजलेली वस्तू एकवचनात येते, म्हणून तेवीस मिनिटांत ‘दकाइक’ नाही, ‘दकीकतन्’ येतं.

याच गोंधळाचा खर्चिक प्रकार म्हणजे ‘पाच वाजल्यानंतर’ आणि ‘पाच तासांनंतर’. बअद अस्-साआ अल्-खामिसा म्हणजे पाच वाजल्यानंतर. बअद खम्स साआत म्हणजे आत्तापासून पाच तासांनी. ‘साआ’ एकवचनात आणि मागोमाग क्रमवाचक शब्द आला तर ते घड्याळ. आधी संख्या आणि मग ‘साआत’ हे अनेकवचन आलं तर तो कालावधी. माल उतरवणाऱ्या ट्रकवाल्याशी फोनवर बोलताना मी हाच फरक ऐकायला कान टवकारून बसायचो.

सकाळ-संध्याकाळ सांगायला वेळेच्या शेवटी सबाहन् (सकाळी), जुहरन् (दुपारी), मसाअन् (संध्याकाळी) किंवा लैलन् (रात्री) लावा. बरोबर ठोक्याला सांगायचं असेल तर फी तमाम अस्-साआ अल्-खामिसा.

हे सगळं लेखी, बातम्यांच्या आणि कचेरीच्या अरबीचं. रस्त्यावर क्रमवाचक शब्द वेळेतून जवळजवळ गायब होतात. कैरोचा माणूस साडेपाचला सरळ ‘इस्-साआ खमसा व नुस्स’ म्हणतो; निस्फचं नुस्स आणि थुल्थचं तिल्त होतं. तिथे लिंगाची काळजी करायची गरज नाही, फक्त एक वाजता ‘वाहदा’ हे स्त्रीलिंग टिकून आहे. तुम्ही बाजारात ‘अल्-खामिसा वन्-निस्फ’ म्हणालात तर समोरचा समजेल, जरा हसेल, इतकंच. उलट अर्जात ‘खमसा व नुस्स’ लिहिलंत तर ते खटकेल.

तिसरी पायरी: तारीख

तारीख हा शब्दच अरबीतून आपल्याकडे आला. तिथे तारीख म्हणजे दिवसाचा क्रम, आणि दिवस पुल्लिंगी, त्यामुळे इथे तक्त्यातला स्त्रीलिंगी रकाना सोडून पुल्लिंगी वापरायचा. रमजानचा पाचवा दिवस म्हणजे अल्-यौम अल्-खामिस मिन रमदान. रोजच्या वापरात ‘यौम’ गाळून नुसतं अल्-खामिस मिन रमदान म्हणतात. ‘मिन’ म्हणजे ‘पैकी’. महिन्याच्या पहिल्या तारखेला घड्याळासारखं ‘वाहिद’ चालत नाही, तिथे खरा क्रमवाचक येतो: अल्-अव्वल मिन रमदान.

अकरा ते एकोणीस या तारखांत दोन्ही शब्द नामाच्या लिंगात येतात. पंधरावा दिवस अल्-खामिस अशर, पंधरावी रात्र अल्-खामिसा अश्रा. वीसच्या पुढे फक्त एकम बदलतो, दशक तसाच राहतो: सत्ताविसावा दिवस अस्-साबिअ वल्-इश्रून, सत्ताविसावी रात्र अस्-साबिआ वल्-इश्रून. ‘मध्ये’ या अर्थाचा ‘फी’ पुढे आला की इश्रूनचं इश्रीन होतं. बोलताना सगळीकडे इश्रीनच ऐकू येतं, तेव्हा शंका असेल तिथे ‘ईन’ म्हटलेलं बरं. एकविसावा आणि एकतिसावा यांत पुन्हा ‘अव्वल’ नाही, ‘हादी’ येतो: अल्-हादी वल्-इश्रून.

वारांच्या नावांत एक सापळा आहे. रविवारपासून मोजणी सुरू होते: अल्-अहद, अल्-इथ्नैन, अथ्-थुलाथा, अल्-अर्बिआ, अल्-खमीस, मग अल्-जुमुआ आणि अस्-सब्त. गुरुवार म्हणजे ‘खमीस’, पाचवा म्हणजे ‘खामिस’. लिहिताना एका अक्षराच्या जागेचा फरक, ऐकताना दीर्घ स्वर कुठे पडला त्याचा. ‘यौम अल्-खमीस’ म्हणजे गुरुवार, इथे यौमला ‘अल्’ नाही. ‘अल्-यौम अल्-खामिस’ म्हणजे पाचवा दिवस, इथे दोघांनाही आहे. कानाने स्वर निसटला तरी यौमच्या आधीचा ‘अल्’ सांगून जातो की वार आहे की तारीख.

चांद्रदिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे रात्र आधी आणि तिचा दिवस नंतर. गुरुवारी संध्याकाळी ‘लैलत अल्-जुमुआ’ म्हणजे जुम्म्याची रात्र लागते. आपल्याकडे गुरुवारला ‘जुम्मेरात’ म्हणतात ते यातूनच. रमजानची सत्ताविसावी रात्रही सव्विसावा रोजा सोडल्यावर सुरू होते. कोणी रात्रीचा क्रमांक सांगितला तर कॅलेंडरवर आदल्या दिवशीची संध्याकाळ धरायची.

चौथी पायरी: बारा महिने, आणि दोन जोड्यांतलं लिंग

नावं अशी: मुहर्रम, सफर, रबीअ अल्-अव्वल, रबीअ अल्-आखिर, जुमादा अल्-ऊला, जुमादा अल्-आखिरा, रजब, शअबान, रमदान, शव्वाल, जुल्-कअदा, जुल्-हिज्जा.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांकडे पाहा. रबीअ पुल्लिंगी आहे, म्हणून त्याच्या जोडीत अव्वल आणि आखिर. जुमादा दीर्घ ‘आ’वर संपणारं स्त्रीलिंगी नाम आहे, म्हणून तिथे ऊला आणि आखिरा. दुसऱ्या महिन्याला ‘आखिर’ऐवजी ‘थानी’ही म्हणतात, मग रबीअ अथ्-थानी पण जुमादा अथ्-थानिया. घड्याळात शिकलेला नियम इथे महिन्याच्या नावात गोठून बसलाय.

आता पेशवे दफ्तरातली मोडी पत्रं आठवा. तारखेच्या जागी ‘छ’ (चंद्र) लिहून आकडा, आणि मग महिना: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. ‘जमादिलावल’ मध्ये ‘ऊला’ नाही, ‘अव्वल’ आहे. अरबीच्या हिशेबात ही लिंगाची चूक. ही नावं फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली आणि फारसीत व्याकरणाचं लिंगच नाही, त्यामुळे दोन्ही जोड्यांना एकच ‘अव्वल’ चिकटला. मोडी वाचणाऱ्याने जमादिलावल म्हणावं, अरबी बोलणाऱ्याने जुमादा अल्-ऊला. दोन्ही सवयी एका डोक्यात राहू शकतात, पण त्यांची सरमिसळ अरब माणसापुढे लगेच उघडी पडते.

शेवटच्या दोन महिन्यांची खुबी वेगळी आहे. ‘जू’ म्हणजे ‘-चा धनी, -वाला’. जुल्-हिज्जा म्हणजे हजवाला महिना. पण हा ‘जू’ विभक्तीप्रमाणे बदलतो. ‘मिन’सारख्या शब्दानंतर त्याचं ‘जी’ होतं. तारखेत ‘मिन’ असतोच, म्हणून तारीख सांगताना मिन जिल्-हिज्जा, मिन जिल्-कअदा. आपल्या दफ्तरातले जिल्हेज आणि जिल्काद हे या ‘जी’ रूपाचेच वंशज. म्हणजे जमादिलावलमध्ये पूर्वजांनी लिंग घालवलं, पण जिल्हेजमध्ये तारखेत ऐकू येणारं रूप बरोबर उचललं.

हे महिने कधी पडतात याचा अंदाज कॅलेंडरवरून बांधता येतो. अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली की त्या संध्याकाळी नवा महिना लागतो, आणि महिना एकोणतीस किंवा तीस दिवसांचा असतो. त्यामुळे हिजरी तारीख आपल्या शुद्ध पक्षातल्या तिथीपेक्षा साधारण एकाने, कधी दोनाने मागे चालते, आणि तेरा-चौदाला पौर्णिमेचा चंद्र असतो. फरक इतकाच की तिथे अधिक मास नाही. वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून सगळे महिने दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत ऋतूंची फेरी पूर्ण करतात. ‘रबीअ’चा अर्थ वसंत असला तरी हा महिना भर पावसातही येतो.

पाचवी पायरी: साल

सना म्हणजे वर्ष, हेही स्त्रीलिंगी. सालाचा आकडा संख्यावाचक असतो, म्हणून इथे पुन्हा उलटा नियम: एकम ‘आ’ टाकून येतो. १४४४ आजच्या पद्धतीने सनत अल्फ व अर्बअ मिआ व अर्बअ व अर्बईन, म्हणजे हजार, चारशे, चार आणि चाळीस. चाळिसाच्या आधी चार, आपल्या ‘चव्वेचाळीस’सारखंच. जुन्या पद्धतीत पूर्ण आकडा उलटा वाचत: आधी एकम, मग दशक, शतक आणि शेवटी हजार.

ती जुनी पद्धत मराठी कागदांत जशीच्या तशी टिकली. पानिपतच्या वर्षी पत्रांवर साल येतं ‘इहिदे सितैन मया व अलफ’. शुद्ध अरबीत हेच ‘सनत इह्दा व सित्तीन व मिआ व अल्फ’: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. इथला ‘इह्दा’ हे ‘एक’चं स्त्रीलिंगी रूप आहे, कारण सना स्त्रीलिंगी. पुल्लिंगी असतं तर ‘अहद’ झालं असतं. मोडी शिकताना ‘इहिदे’ मी नुसतं पाठ केलं होतं. ते व्याकरणाने आलेलं स्त्रीलिंग आहे हे अरबी शिकल्यावर कळलं. याच कागदांतल्या सलास, अर्बा, खमस, सबा या आकड्यांनाही शेवटचा ‘आ’ नाही तो याच कारणाने (अर्बा आणि सबामधला ‘आ’ घशातल्या ‘ऐन’चा आहे).

एक सावधगिरी. हे शुहूर सन आहे, हिजरी नव्हे. ते सौर वर्ष, मृग नक्षत्राला जूनमध्ये सुरू होतं, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतं. ११६१ मध्ये ५९९ मिळवून १७६०चा जून, आणि जानेवारी १७६१ त्याच वर्षात, म्हणून तिथे ६००. त्याच जानेवारीत हिजरी साल ११७४ होतं आणि महिना जमादिलाखर. म्हणजे एकाच पत्रात चांद्रमहिना आणि सौर साल शेजारी बसतात. महिना पाहून सालही हिजरी धरलं तर तेरा वर्षांची चूक होते.

इंग्रजी महिन्यांबद्दल थोडक्यात. इजिप्त आणि आखातात यनायर, फब्रायर, मारिस अशी नावं आहेत, ती पटकन कळतात. फक्त जून म्हणजे यून्यू आणि जुलै म्हणजे यूल्यू, मध्ये एका अक्षराचा फरक. फोनवर असेल तर आकडा विचारून घ्या. सीरिया, लेबनॉन, इराककडे नावं वेगळी आहेत आणि त्यांतही क्रमवाचक येतात: कानून अल्-अव्वल म्हणजे डिसेंबर आणि कानून अथ्-थानी म्हणजे जानेवारी. ‘पहिला’ वर्षाच्या शेवटी आणि ‘दुसरा’ सुरुवातीला, तेव्हा अंदाजावर जाऊ नका.

एक तारीख पूर्ण बांधून

२९ जून २०२३, गुरुवार. महाराष्ट्रात त्या दिवशी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आल्या होत्या. मी तेव्हा सुट्टीवर गावी होतो आणि सौदीतल्या जुन्या सहकाऱ्याला अरबीत कळवायचं होतं की आमच्याकडे ईद आज आहे, नमाज सकाळी सात चाळीसला.

आधी वार: यौम अल्-खमीस, यौमला ‘अल्’ नाही. मग तारीख: बकरी ईद दहाव्या दिवशी, दिवस पुल्लिंगी, म्हणून अल्-आशिर. मग महिना, ‘मिन’सकट. मग साल: सनत अल्फ व अर्बअ मिआ व अर्बअ व अर्बईन. दोन पंचांगांची सांगड घालायला ‘अल्-मुवाफिक’ म्हणजे ‘त्याच दिवशी येणारी’, आणि मग अत्-तासिअ वल्-इश्रीन मिन यून्यू. शेवटी वेळ: सात चाळीस म्हणजे आठला वीस कमी, साआ स्त्रीलिंगी, म्हणून फी अस्-साआ अथ्-थामिना इल्ला थुल्थन् सबाहन्.

तपासताना मी प्रत्येक क्रमवाचक शब्दावर बोट ठेवून ‘कशाचा?’ असं विचारतो. आशिर कशाचा? दिवसाचा, ‘आ’ नको. थामिना कशाची? साआची, ‘आ’ हवा. संख्यावाचक शब्दावर आलो की प्रश्न तोच, उत्तर उलटं: अर्बअ कशाचे? वर्षाचे, सना स्त्रीलिंगी, म्हणून ‘आ’ नको. दहाव्या दिवसाला आपली एकादशी, म्हणजे तिथीपेक्षा एकाने मागे, हाही ताळा बसला.

तासाभराने त्याचं उत्तर आलं. त्यांची ईद आदल्या दिवशी, बुधवारी २८ जूनला होऊन गेली होती. तिथे महिना एक दिवस आधी लागला होता, म्हणून जिल्हेजची दहावी तारीख दोन देशांत दोन दिवशी पडली. शुभेच्छांखाली त्याने माझं वाक्य परत लिहून एक शब्द दुरुस्त केला होता. वार, लिंग, ‘इल्ला’, सगळं ठीक होतं. मी ‘मिन’नंतर ‘जुल्-हिज्जा’ लिहिलं होतं, त्याने त्याचं ‘जिल्-हिज्जा’ केलं. पेशवाईतल्या कारकुनाने ते बरोबर लिहिलं असतं.